तळपायांची रात्रीची आग (मधुमेहाविना)

रक्तातील साखर प्राकृत असूनही दोन्ही तळपायांची, प्रामुख्याने रात्री अंथरुणात शिरल्यावर, आग होणे या लक्षणाला ही संज्ञा लावतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. पायांच्या टोकांपर्यंत पोहोचणाऱ्या बारीक मज्जातंतूंना इजा झाल्याची ती खूण असते आणि त्या इजेमागे बहुधा ब गटातील जीवनसत्त्वांची कमतरता, मद्य किंवा थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा यांपैकी एक, पुष्कळदा एकाहून अधिक कारणे असतात. गोव्यात, कोकणातल्याप्रमाणेच, या तक्रारीला ‘अंगात उष्णता झाली’ असे म्हटले जाते आणि काशाच्या वाटीने तळपाय घासणे हा पहिला उपाय ठरतो. वाटीखाली येणारा काळा लेप म्हणजे बाहेर निघालेली उष्णता, अशी समजूत आहे. वस्तुतः तेल, घाम आणि वाटीतला धातू घासले गेल्याने तो काळेपणा येतो, आणि निरोगी माणसाच्या पायावरही तो तसाच येतो.

वैद्यकीय वाङ्मयात हे लक्षण जुने आहे. १८२६ मध्ये ग्रिअर्सन यांनी ब्रह्मदेशातील सैनिकांमध्ये त्याची नोंद केली, आणि १९४६ मध्ये कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील कोलुथूर गोपालन यांनी त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणून त्याला ‘ग्रिअर्सन-गोपालन लक्षणसमूह’ असेही नाव आहे. अपुऱ्या आहारावर जगणाऱ्या त्या रुग्णांना पँटोथेनिक आम्लाने (ब५) गुण आल्याचे गोपालन यांनी नोंदवले होते. मात्र ब५ जवळजवळ प्रत्येक अन्नपदार्थात असल्याने आज पोटभर जेवणाऱ्या माणसात केवळ त्याची उणीव क्वचितच आढळते.

आग पायांपासूनच का सुरू होते, याचे उत्तर तंतूंच्या लांबीत आहे. कमरेच्या मणक्यांजवळच्या पेशीपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जाणारा तंतू सुमारे मीटरभर लांब असतो आणि त्याच्या शेवटच्या टोकाचे पोषण त्या एका पेशीलाच करावे लागते. पुरवठा कमी पडला की सर्वांत दूरचे टोक आधी कोमेजते. म्हणून आग दोन्ही पायांना सारखीच, तळव्यांपासून वर चढत जाते. एकाच पायाची आग असेल, तर घोट्याच्या आतील बाजूस नस दबणे किंवा कमरेतील मणक्याचा दोष यांचा विचार आधी करावा. रात्रीचा जोर हा भास नव्हे. झोप लागण्याच्या सुमारास शरीर आतील उष्णता बाहेर टाकण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावते, त्यामुळे तळपाय गरम होतात आणि आधीच चाळवलेले तंतू त्या थोड्या उष्णतेलाही आगीसारखा प्रतिसाद देतात. शिवाय दिवसभर चालणे, बूट आणि कामाची धांदल यांतून येणाऱ्या इतर संवेदना रात्री थांबतात. मे महिन्यातील दमट रात्री रुग्ण पांघरुणातून पाय बाहेर काढतो, मग उठून न्हाणीघरातल्या गार लादीवर उभा राहतो. लादीने आराम पडतो, पण बर्फाच्या पाण्यात पाय बराच वेळ बुडवून ठेवणे धोक्याचे असते, कारण बधिर त्वचेला इजा झाल्याचे कळत नाही.

‘शुगर नॉर्मल आहे’ हे विधान कोणत्या तपासणीवर बेतले आहे, ते प्रथम पाहिले पाहिजे. उपाशीपोटीची एकच साखर पुरेशी नसते. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी घेतलेली साखर पाहिली, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरची काही माणसे सापडतात, आणि उंबरठ्यावरही पाय जळू शकतात. हे दोन्ही खरोखर प्राकृत असतील तेव्हाच पुढील कारणांकडे वळावे.

ब१२ जीवनसत्त्व : हे केवळ प्राणिज अन्नात असते. प्रौढ व्यक्तीची गरज दिवसाला सुमारे अडीच मायक्रोग्रॅम एवढी अल्प असते आणि यकृतात त्याचा काही वर्षे पुरणारा साठा असतो, म्हणून उणीव फार हळू उघड होते. बांगडा, तारली आणि विशेषतः तिसऱ्या यांत ते भरपूर असते. सोमवार-गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाऱ्यालाही आठवड्यातील इतर दिवसांत ते पुरेसे मिळते. कायम शिवराक असणाऱ्या घरात दूध-दही हाच त्याचा आधार उरतो. यावरून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो : शाकाहारी माणसात ब१२ कमी निघाले तर आहार हे सरळ कारण असू शकते, पण नित्य मासे खाणाऱ्यात कमी निघाले, तर ते शोषले का जात नाही हे शोधावेच लागते. जठरातील अंतर्घटक नावाचे प्रथिन नष्ट होणे, जठराची शस्त्रक्रिया, आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

रक्तातील पातळी दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमखाली असेल तर उणीव मानतात, आणि २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा असतो. त्या पट्ट्यात, ब१२ कमी पडल्यास रक्तात साचणारे मिथाइलमॅलोनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन वाढले आहे का, ते पाहतात. हिमोग्लोबिन प्राकृत आहे म्हणून ब१२ चा विचार सोडणे ही सर्रास होणारी चूक आहे. मज्जातंतूंची इजा रक्तक्षयाच्या आधी, किंवा त्याविनाही, होऊ शकते. दुसरी चूक तपासणीच्या आधीच घडते. पाय जळतात म्हणून आठवडाभर इंजेक्शने घेतली आणि मग रक्त तपासले, तर आकडा भरपूर दिसतो आणि मूळ उणीव होती की नाही हे कळण्याचा मार्ग बंद होतो. याच्या उलट ब६ चे आहे. ब गटाच्या मिश्र गोळ्यांत ते असते, आणि मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतल्यास तेच तंतूंना विषारी ठरून पाय जाळते. म्हणून घरातील गोळ्यांच्या पट्टीवर ब६ किती मिलिग्रॅम आहे, हे वाचणे तपासणीचाच भाग समजावे.

ब१ आणि मद्य : भात हे मुख्य अन्न असलेल्या प्रदेशात ब१ म्हणजे थायमिनची उणीव अपेक्षित वाटते, पण गोव्यातील उकड्या तांदळाने ती बरीच टाळली. साळ उकडताना कोंड्यातील थायमिन दाण्यात मुरते आणि नंतर कांडले तरी बरेचसे टिकते. पांढऱ्या, घासलेल्या सुरय तांदळात ते कोंड्याबरोबर निघून जाते. पेजेचे पाणी न फेकता पिण्याची रीत या दृष्टीने हितकर आहे. जेवणाची जागा मद्याने घेतली की मात्र हे संरक्षण संपते, कारण मद्य थायमिनचे शोषणही रोखते.

मद्य स्वतःही, जीवनसत्त्वे पुरेशी असताना, बारीक तंतूंना इजा करते. अशा इजेत महिन्या-वर्षांत हळूहळू वाढणारी आग व वेदना प्रमुख असतात, तर थायमिनच्या उणिवेत काही आठवड्यांत पायांतील शक्ती कमी होऊन चाल बिघडते. म्हणून आगीबरोबर पाय लुळे पडू लागले तर थायमिन तातडीने, इंजेक्शनाने द्यावे लागते. मद्याचा हिशेब ‘किती ग्लास’ यावर न करता अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये करावा. ४२.८ टक्क्यांच्या काजू फेणीच्या ९० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम अल्कोहोल असते. मार्च ते मे या हंगामात लिंबू-सोडा व मिरची घालून सरबतासारखे घेतले जाणारे उर्राक साधारण १५ टक्क्यांचे धरले, तर त्याचा २५० मिलिलिटरचा एक ग्लासही तेवढेच अल्कोहोल देतो. ‘मी फेणी घेत नाही, फक्त उर्राक’ या उत्तराने वैद्याने समाधान मानू नये. मद्य पूर्ण थांबवल्यास वाढ थांबते आणि काही महिन्यांत आग उतरू लागते. नुसते कमी करून तसा भरवसा देता येत नाही.

थायरॉइड : ग्रंथी मंदावल्यावर ऊतींत साचणाऱ्या श्लेष्मल द्रव्यामुळे घोट्याजवळ नस दबू शकते आणि तंतूंची चयापचयक्रियाही मंदावते. ग्रंथी मंदावली की तिला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक रक्तात वाढते. ते किंचित वाढलेले, म्हणजे ५ ते १० च्या दरम्यान असेल, तर त्यावर सगळा दोष ढकलणे घाईचे ठरते. थायरॉइड सापडला की शोध थांबतो, ही यातील मुख्य अडचण आहे.

उदाहरणादाखल डिचोलीतील एक ४८ वर्षांची शिक्षिका घेऊ. आठ महिने तळव्यांची आग, वजनात पाच किलोंची वाढ, बद्धकोष्ठता. उपाशीपोटी साखर ९२, दोन तासांनी ११८, एचबीए१सी ५.४ टक्के. टीएसएच १९ निघाले आणि ७५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन, पहाटे उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, सुरू झाले. पाच महिन्यांनी टीएसएच २.८ आले, बद्धकोष्ठता गेली, वजन थोडे उतरले, पण आग तशीच. आता १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवला असता तिला कंप जाणवत नव्हता, घोट्यावर जेमतेम जाणवत होता. हा धागा महत्त्वाचा आहे. केवळ बारीक तंतू बिघडले असते तर कंपाची जाणीव शाबूत राहिली असती. कंप हरवणे म्हणजे जाड तंतू किंवा मेरुरज्जूचा मागील भाग गुंतला आहे, आणि तेथे ब१२ चा संशय प्रथम येतो. हिमोग्लोबिन १२.१ असूनही ब१२ केवळ १४२ निघाले. ती आठवड्यातून पाच दिवस मासे खाणारी होती, तेव्हा आहाराकडे बोट दाखवता येत नव्हते. अंतर्घटकाविरुद्धची प्रतिद्रव्ये तपासली, ती सापडली. थायरॉइड व जठर या दोहोंवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटण्याची ही जोडी परिचित आहे. तिला १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने दोन आठवडे दिवसाआड, मग दोन महिने आठवड्याला आणि पुढे आयुष्यभर महिन्याला ठरवण्यात आली. तीन महिन्यांनी बहुतेक रात्री झोप लागू लागली. बोटांच्या टोकांचा बधिरपणा वर्षानंतरही थोडा उरला.

नसांची विद्युत्-वहन तपासणी अशा वेळी नेहमी केली जाते, पण ती फक्त जाड तंतू मोजते. म्हणून अहवाल प्राकृत आला तरी बारीक तंतूंची इजा नाकारता येत नाही. ती सिद्ध करण्यासाठी घोट्याच्या वर दहा सेंटिमीटरवरून तीन मिलिमीटर त्वचेचा तुकडा काढून त्यातील तंतू मोजतात, परंतु ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा किंवा जाड झालेली नस आढळल्यास कुष्ठरोगाची तपासणी करावी लागते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड चालू असेल तर ब६ ची उणीव शोधावी. बोटांमधील बुरशीनेही आग होते, पण तेथे खाज व सोललेली त्वचा दिसते.

सर्व तपासण्यांनंतरही पुष्कळ रुग्णांत कारण सापडत नाही. तेव्हा अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबॅलिन यांनी वेदना बोथट केली जाते. त्यांनी तंतू भरून येत नाहीत. यांतील प्रीगॅबॅलिन वा गॅबापेंटिन रात्री घेऊन वर मद्य घेतल्यास गुंगी वाढून श्वास मंदावू शकतो, त्यामुळे मद्य सुटलेले नाही अशा रुग्णाला ही औषधे देण्यापूर्वी तो संध्याकाळी काय व किती घेतो, हे विचारून घ्यावे.