व्हॉइसओव्हरची स्क्रिप्ट आणि अवताराची स्क्रिप्ट

सांगलीत हळद पिकवणाऱ्यांसाठी मी छोटे माहितीपट लिहितो. बरीच वर्षे ते व्हॉइसओव्हरचे होते, म्हणजे पडद्यावर हळद आणि मागून आवाज. आता काही भागांत निवेदिका एआय अवतार असते, म्हणजे संगणकाने बनवलेला, दिलेला मजकूर बोलणारा चेहरा. दोन्हीकडे मजकूर बोलायचाच, म्हणून सुरुवातीला मी तीच स्क्रिप्ट तशीच अवताराला दिली. शेजारच्या काकांनी ती फिल्म बघितली आणि म्हणाले, "बाई नुसतीच बघतीया, बोलत का न्हाई?"

त्या जागी मी दोन सेकंदांचा विराम ठेवला होता. व्हॉइसओव्हरमध्ये तेवढ्या वेळात कढईतली वाफ दिसते आणि विराम कुणाला जाणवतही नाही. अवतार असला की त्याच दोन सेकंदांत एक मिटलेले तोंड आपल्याकडे बघत राहते. म्हणून आता मी लांब विराम फक्त चेहऱ्याऐवजी चित्र येणार असेल तिथेच लिहितो. चेहरा समोर असेल तर पूर्णविरामावर थांबणे पुरते.

वाक्याच्या लांबीचेही असेच. माझे जुने वाक्य बघा: "सांगलीच्या बाजारात आणायची हळद नीट वाळवलेली, पॉलिश केलेली आणि हळकुंडे व गड्डे वेगवेगळे भरलेली असावी, कारण मिसळलेल्या मालाला भाव कमी मिळतो." माणूस हे वाचताना मध्ये श्वास घेतो आणि चित्रे बदलत असल्याने ऐकणाराही थकत नाही. अवताराचा चेहरा मात्र न थांबता बोलत राहतो आणि ते खोटे दिसते. मग मी उलट टोक गाठले: "हळद वाळवा. पॉलिश करा. वेगळी भरा." आता प्रत्येक पूर्णविरामाला ओठ मिटून चेहरा मूळ जागी जायचा आणि बोलणे धक्क्याधक्क्याने व्हायचे. शेवटी हे जमले: "हळद नीट वाळवा आणि पॉलिश करून घ्या. हळकुंडे आणि गड्डे मात्र वेगवेगळ्या पोत्यांत भरा. मिसळलेल्या मालाला भाव कमी मिळतो." वाक्याला पाच-सात शब्द, फार तर बारा. यात आणखी एक सोय आहे. व्हॉइसओव्हरमधला चुकलेला शब्द कापून नवा जोडता येतो, चित्राला कळतही नाही. अवताराचा शब्द वाक्याच्या मध्ये जोडला तर मान झटका खाते. त्यामुळे दुरुस्ती अख्ख्या वाक्याचीच करावी लागते, आणि वाक्य आटोपशीर असेल तर ती स्वस्त पडते.

उच्चाराच्या खुणा दोन्हीकडे लागतात, पण मराठीत एक खास अडचण आहे. "हळदीची जात" आणि "माल बाहेर जात आहे" यांतला ज वेगळा, लिपीत मात्र एकच. माणूस अर्थावरून ओळखतो, यंत्राचा आवाज कधी चुकतो. अक्षराखाली नुक्त्याचे टिंब देऊन काही आवाजांत फरक पडतो, काहींत नाही, तेव्हा ते ऐकूनच ठरवावे. मी शब्दच बदलतो: "हळदीचे वाण". आकड्यांचेही तसेच. समजा भाव 15,250 लिहायचा आहे. आपण "सव्वापंधरा हजार" म्हणतो, यंत्र मात्र आकडा सुटा करून वाचते आणि तोंड उगाच लांब हलत राहते. त्यासाठी अशी खूण:

```xml
<sub alias="सव्वापंधरा हजार">15,250</sub>
```

हावभावाची खूण मात्र व्हॉइसओव्हरच्या स्क्रिप्टमध्ये असतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर सेवेतल्या अवतारात ती बुकमार्क म्हणून टाकतात, आणि कोणते हावभाव मिळतील ते निवडलेल्या अवतारावर ठरते:

```xml
हळकुंडे आणि गड्डे मात्र
<bookmark mark='gesture.numeric2-left-1'/>
दोन वेगळ्या पोत्यांत भरा.
```

हात खुणेच्या जागी हलायला लागतो, पण बोटे दिसेपर्यंत थोडा वेळ जातो. म्हणून खूण "दोन"च्या आधी हवी. ती "दोन"नंतर टाकली तर बोटे "भरा"वर दिसतात आणि शेतकरी "दोन कशाचे?" म्हणून विचारतो. शेवटच्या शब्दालगतही हावभाव ठेवू नये, कारण आवाज संपला की तो अर्ध्यातच तुटतो. मी शेवटचे वाक्य हावभावाविनाच ठेवतो.

तपासताना आवाज बंद करून फक्त तोंड बघतो. प, ब, भ, म आले की ओठ मिटायला हवेत. "मिसळलेल्या मालाला भाव" इथे ते सुटले तर लगेच कळते. मग त्याच ओळी डोळे मिटून नुसत्या ऐकतो. ओठ बरोबर आणि ज चुकीचा, असेही होते, आणि ते चित्राकडे बघत असताना सहज निसटते.