कॉफीच्या पाकिटावरून पद्धत ठरवणे

कॉफीच्या पाकिटावरील भाजणी (रोस्ट), उगमस्थान आणि दळ, म्हणजे पूड किती बारीक किंवा जाड दळली आहे, यांवरून कॉफी कशी करावी हे ठरते. पूड आयती दळलेली असेल तर आधी दळ पाहावा. भाजणीचा विचार पाणी किती गरम घ्यायचे यासाठी करता येतो, पण बारीक पूड पुन्हा जाड होत नाही.

नागपुरात सीताबर्डीवरून किंवा ऑनलाइन पाकीट घेणाऱ्याची फसगत बहुधा ‘फिल्टर’ या एका शब्दावर होते. दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरसाठी पूड बारीक, रवा आणि बेसन यांच्या मधली लागते. कागदी फिल्टरवर गाळायची पूड त्याहून जाड, रव्यासारखी हवी. पहिली पूड कागदावर टाकली तर पाणी तुंबते आणि कॉफी कडू होते. दुसरी स्टीलच्या फिल्टरमध्ये घातली तर पंधरा-वीस मिनिटांत ठिबकायचे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, भराभर उतरते आणि पाणचट लागते. पाकिटावर चिकोरीचे, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळांच्या पुडीचे, प्रमाण छापले असेल तर ते मिश्रण स्टीलच्या फिल्टरसाठी आणि दुधासाठी आहे असे खुशाल समजावे.

भाजणीचे कारण दाण्याच्या घडणीत आहे. गडद भाजलेला दाणा सच्छिद्र व ठिसूळ होतो, त्यामुळे त्यातला अर्क लवकर सुटतो. हलका भाजलेला दाणा घट्ट राहतो व त्याला जास्त उष्णता लागते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर असल्याने इथे पाणी 99 अंशांच्या आसपास उकळते. हलक्या भाजणीसाठी ते उकळताच ओतावे, गडद भाजणीसाठी झाकण काढून दोनेक मिनिटे थांबावे.

समजा, पाकिटावर ‘अराकू, अरेबिका, लाइट रोस्ट, अख्खे दाणे’ असे आहे. हे दाणे कागदी फिल्टरला योग्य, कारण दुधात त्यांची फळासारखी आंबटगोड चव बुडून जाते. 15 ग्रॅम पुडीवर आधी 40 ग्रॅम पाणी टाकून अर्धा मिनिट थांबावे. पूड फुगून बुडबुडे आले तर दाणे ताजे आहेत. मग एकूण पाणी 240 ग्रॅम होईपर्यंत हळूहळू ओतावे. सगळे तीन मिनिटांच्या आसपास गळून जावे. दीड-पावणेदोन मिनिटांत संपले आणि चव झोंबणारी आंबट आली तर पुढच्या वेळी बारीक दळावे. साडेचार मिनिटे लागून घसा कोरडा पडावा असा तुरटपणा आला तर जाड दळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर चूक कशात होती ते कळत नाही.

उगमस्थानाला पाकिटावर सर्वांत मोठी अक्षरे मिळतात, पण पद्धत ठरवताना त्याचे वजन सर्वांत कमी असते. चिकमगळूर असो की अराकू, फार गडद भाजल्यावर मातीची ओळख बरीचशी पुसली जाते. तिथे कॉफीची जात अरेबिका की रोबस्टा एवढे पाहिले तरी भागते. रोबस्टा अधिक कडू व जड असते आणि दुधात टिकते.