सरळ रेषेत दडलेली वक्रता : समतोल स्थिरांक आणि तापमान

१८८४ साली व्हॅन्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाने अभिक्रियेची उष्णता आणि समतोल स्थिरांकाचा तापमानानुसार होणारा बदल एका समीकरणात बांधला. त्याच्या मूळ मांडणीत उजवीकडे q/2T² असे होते. त्यातला २ म्हणजे कॅलरीत मोजलेला वायुस्थिरांक, जवळपास पूर्णांकात. एन्थाल्पी हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. आज ते समीकरण बहुतेकांना रेषेच्या रूपातच भेटते:

ln K = −ΔH/(RT) + ΔS/R

इथे K म्हणजे समतोल स्थिरांक, T केल्व्हिनमधले तापमान, R वायुस्थिरांक, ΔH अभिक्रियेची एन्थाल्पी, म्हणजे स्थिर दाबाखालची उष्णता, आणि ΔS एन्ट्रॉपीतला बदल. उभ्या अक्षावर ln K, आडव्या अक्षावर 1/T. उतारावरून ΔH आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथून ΔS. पण मूळ समीकरणात रेषा नाही. ΔH तापमानानुसार बदलत नाही असे मानले, तरच ती मिळते. पुढचा सगळा वाद या गृहीतकाभोवती फिरतो.

पाण्याच्या आयनीकरणाची आकडेवारी यासाठी सर्वांत बोलकी आहे. १९३०च्या दशकात हायड्रोजन आणि सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड असलेल्या विद्युतघटांनी pKw, म्हणजे या आयनीकरणाच्या समतोल स्थिरांकाचा दशमान लॉग उणे चिन्हासह, तिसऱ्या दशांशापर्यंत विश्वासाने मोजता येऊ लागला. तेव्हापासून चालत आलेल्या कोष्टकात ० अंश सेल्सिअसला १४.९४४, १० ला १४.५३५, २० ला १४.१६७, ३० ला १३.८३३, ४० ला १३.५३५, ५० ला १३.२६२ आणि ६० ला १३.०१७ असे आकडे आहेत. या सात बिंदूंतून लघुतम वर्ग पद्धतीने रेषा काढली, तर उतारावरून ΔH सुमारे ५६.० किलोजूल प्रति मोल येते आणि बिंदू रेषेवर किती नीट बसतात हे सांगणारा R² येतो ०.९९९. प्रयोगवहीत या आकड्याखाली समाधानाने रेघ मारली जाते.

आता तीच आकडेवारी तुकड्यांत पाहा. ० ते १० अंशांच्या जोडीवरून ΔH ६०.६ येते, ५० ते ६० वरून ५०.५. पन्नास अंशांत दहा किलोजूलची घट, म्हणजे अभिक्रियेची उष्माधारिता ΔCp सुमारे उणे २०० जूल प्रति मोल प्रति केल्व्हिन. R² ला याचा पत्ताच लागत नाही. खूण सापडते ती अवशेषांत, म्हणजे मोजलेले मूल्य आणि रेषेवरचे मूल्य यांच्या फरकात. दोन्ही टोकांना तो pKw मध्ये जवळपास +०.०३ आहे, मध्ये उणे ०.०२. मोजणीची चूक हजारांश भागात असताना असा खोलगट आकार योगायोगाने येत नाही. म्हणून अवशेषांचा आलेख न देता फक्त R² छापणे ही मला या विषयातली सर्वांत नुकसानकारक सवय वाटते.

एन्ट्रॉपीचे हाल आणखी वाईट. वरच्या आलेखात 1/T ची मोजलेली पट्टी फक्त ०.०००६६ रुंद आहे, आणि छेद वाचायला तिथून शून्यापर्यंत, म्हणजे पट्टीच्या साडेचार पट लांब जावे लागते. उतार किंचित हलला की छेदही त्याच्याबरोबर हलतो. अनेक अभिक्रियांच्या ΔH आणि ΔS मध्ये दिसणारे सुरेख सरळ नाते बऱ्याचदा रसायनातून आलेले नसून या जोडचुकीतून येते, हे १९७६च्या सुमारास संख्याशास्त्राच्या अंगाने दाखवले गेले.

सर्वांत गुंतलेली संज्ञा मात्र ‘व्हॅन्ट हॉफ एन्थाल्पी’. उतारावरून काढलेली ही एन्थाल्पी आणि कॅलरीमापीत थेट मोजलेली एन्थाल्पी एकच असायला हवीत, कारण समीकरण काटेकोर आहे. तरी १९९५ मध्ये, बंधन-अभिक्रियांच्या कॅलरीमापी प्रयोगांवरून, दोन्हींत लक्षणीय तफावत असल्याचा दावा प्रसिद्ध झाला. एकाच यंत्रातून K आणि उष्णता दोन्ही मिळत असल्याने तो गंभीरपणे घेतला गेला. काहींनी थर्मोडायनॅमिक्सच्या वापराबद्दलच शंका काढली. पुढच्या पाच-सहा वर्षांत काळजीपूर्वक केलेल्या मोजण्यांत तफावत प्रायोगिक चुकीच्या मर्यादेत बसली. K मधली चूक उतारात किती फुगते, याचा अंदाज आधी कमी धरला गेला होता.

पाण्याचेच उदाहरण घ्या. २० ते ३० अंशांच्या जोडीवरून २५ अंशाला ΔH ५६.८ येते, कॅलरीमापीत ती ५५.८ आहे. हा एक किलोजूल कुठून आला? दोन्ही तापमानांना pKw विरुद्ध दिशांनी फक्त ०.००३ ने चुकला तरी पुरे. मग सबंध रेषेवरचा ५६.० इतका जुळतो कसा? वक्रतेची सरासरी ३० अंशांच्या आसपास पडते आणि तिथे ΔH तशीही कमी असते. जुळणे हे रेषा बरोबर असल्याचे लक्षण नव्हे. म्हणून आता रेषेऐवजी २५ अंशावरचे ΔH, ΔCp आणि K हे तीन अज्ञात धरून वक्र बसवतात, आणि उष्णतेची मोजणी हाताशी असेल तर तीही त्याच गणितात एकत्र घेतात.