जायफळाचे किती वेढे?

रामबागेतल्या आमच्या काकूंकडे सहाण आहे, तिला मधोमध खळगा पडलाय. तीन पिढ्यांची बाळगुटी त्यावर उगाळली गेली. गेल्या हिवाळ्यात त्यांचा सात महिन्यांचा नातू रात्री सारखा उठायला लागला, तेव्हा काकूंनी दुधात जायफळ उगाळून चाटवलं. तास झाला तरी पोर जागंच. "हात आखडता घेतला वाटतं," म्हणत त्यांनी आणखी वेढे दिले. सकाळी बाळ उठेना. दूध ओढेना, गाल लाल, तोंड कोरडं. उचलून घेतलं की किरकिर, खाली ठेवलं की पुन्हा गुंगी. दवाखान्यात दीड दिवस लक्ष ठेवलं, मग बरं वाटलं.

काकूंची चूक मला त्या दुसऱ्या उगाळण्यात दिसते. जायफळाचा असर लगेच येत नाही. जास्त मात्रेची लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा तास लागतात आणि ती दिवसभर, कधी त्याहूनही जास्त टिकतात. तासाभरात "लागू पडलं नाही" असं ठरवून पुन्हा दिलं की दोन्ही मात्रा मध्यरात्री एकमेकींवर चढतात.

जायफळात उडून जाणारं एक सुगंधी तेल असतं. त्यातल्या मिरिस्टिसिन, एलेमिसिन अशा घटकांवर संशय आहे. यकृतात त्यांच्यापासून मेंदूला चाळवणारे, अँफेटामाइनच्या नात्यातले पदार्थ बनत असावेत असा एक अंदाज आहे, पण माणसात तो पक्का ठरलेला नाही. म्हणून जास्त जायफळानं नुसती झोप येत नाही. छाती धडधडते, मळमळतं, तोंड सुकतं, जीव घाबरा होतो, भास होतात, आणि मध्येच ग्लानी येते. पुर्किंये या चेक शास्त्रज्ञानं 1829 साली स्वतः तीन जायफळं खाऊन हा अनुभव लिहून ठेवला. हौस म्हणायची!

मग आपल्या रात्रीच्या दुधातली चिमूट? मोठ्या माणसाला तिचं भय नाही. चिमूट म्हणजे ढोबळमानाने 0.2 ग्रॅम. प्रौढांना त्रास साधारण 5 ग्रॅमपासून होतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खं जायफळ, किंवा चहाचे दोन-अडीच चमचे पूड. तेलाचं प्रमाण फळागणिक बदलतं, त्यामुळे ही रेघ काही ठाम नाही. त्या चिमटीनं खरंच झोप येते का, याचा पुरावा मात्र तोकडाच आहे. उंदरांवरचे प्रयोग आहेत, पण माणसांवरचं भक्कम काम नाही. इंदूरच्या सराफ्यातलं कढईचं दूध पिऊन डोळे मिटतात, त्यात जायफळापेक्षा पोटभर मलईचा आणि रात्रीच्या एक वाजण्याचा हात जास्त असावा, असं माझं मत.

आता हाच हिशेब बाळाला लावा. साठ किलोच्या माणसाला 5 ग्रॅम, तर सात किलोच्या बाळाला त्याच प्रमाणात अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे पाव चमचा पूड, जायफळाचा जेमतेम दहावा भाग. पण बाळाला याहून कमीही भोवू शकतं, कारण अशा पदार्थांची विल्हेवाट लावणारी यकृतातली व्यवस्था लहानपणी पुरती उभी राहिलेली नसते. 1908 साली नोंदलेल्या एका प्रकरणात आठ वर्षांचा मुलगा दोन जायफळं खाऊन बेशुद्ध पडला आणि दगावला.

आणि वेढा म्हणजे किती? सहाण खरखरीत असेल, फळ ताजं असेल, हात जोराचा असेल, तर पाच वेढ्यांत जे उतरतं ते दुसऱ्या घरी पंधरांतही उतरणार नाही. आजीचा अंदाज तिच्या सहाणेपुरता खरा असतो. नवी सहाण आणली की तोही गेला. शिवाय ज्याला आपण "छान झोपला" म्हणतो, ती झोप आहे की ग्लानी, हे बाळ सांगू शकत नाही. झोपलेलं बाळ हलवलं तर रडतं, दूध घेतं, पुन्हा झोपतं. ग्लानीतलं बाळ दूध सोडून देतं, लंगोट बराच वेळ कोरडा राहतो, अंग तापतं, छाती भरभर चालते.

म्हणून बाळाला झोपेसाठी जायफळ मुळीच देऊ नये, आणि सहा महिन्यांपर्यंत तर आईच्या दुधाशिवाय गुटीचीही गरज नाही. चुकून जास्त गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. ग्लानीत उलटी श्वासनळीत जाऊ शकते. लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा. जायफळावर उतारा नाही. सलाईन, नाडी-श्वासावर नजर आणि गरजेनुसार शांत करणारं औषध, एवढंच करता येतं. अशाच दिसणाऱ्या धोतऱ्याच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. जायफळात त्या तशा होतीलच असं नाही, म्हणून नुसत्या तपासणीनं ओळख पटत नाही.

काकूंच्या नातवाला तपासताना डॉक्टरांनी आधी विचारलं, "काय पाजलंत?" काकू गप्प. दोन तासांनी सुनेनं उगाळून उरलेला तुकडा पर्समधून काढून टेबलावर ठेवला, आणि पहिले वेढे किती वाजता, दुसरे किती वाजता, हे सांगितलं. मग कुठे नर्सनं केसपेपरवर दोन्ही वेळा लिहून घेतल्या.