संस्थेची चोरीची फिर्याद

शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत किंवा अन्य संस्थेच्या कार्यालयातून वस्तू चोरीस गेल्यावर संस्थेच्या वतीने पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास दिलेले लेखी पत्र. मराठवाड्यातील कार्यालयांत याला ‘तक्रारी अर्ज’, ‘फिर्याद’ किंवा नुसते ‘पोलिसांत दिलेले पत्र’ म्हणतात. कायद्याच्या परिभाषेत यांपैकी ‘तक्रार’ हा शब्द नेमका नाही. फौजदारी प्रक्रियेत तक्रार ही दंडाधिकाऱ्यापुढे केली जाते. पोलिसांना दिली जाते ती ‘खबर’ किंवा ‘वर्दी’. तरीही व्यवहारात तक्रार हा शब्द रुळला आहे; येथे मात्र सोयीसाठी ‘फिर्याद’ हा शब्द वापरला आहे.

संज्ञा व उगम : ‘फिर्याद’ हा फारसी शब्द असून त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. ‘तक्रार’ अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ पुनरुक्ती, पुन्हा पुन्हा म्हणणे. ‘मुद्देमाल’ हाही याच थरातला. ‘पंचनामा’ मात्र जोडशब्द आहे : पूर्वपद देशी, उत्तरपद फारसी. या शब्दांवरून काही अभ्यासक फिर्यादपत्राचा साचा फारसी अर्जलेखनातून आला असे मानतात. मायना, अर्जदाराचे नाव व हुद्दा, हकीकत आणि शेवटी विनंती हा क्रम दोन्हींकडे आहे, एवढे खरे. दुसरे मत असे की, हा साचा इंग्रजी अमलातील फौजदारी प्रक्रिया संहितेने घडवला. १८६१ च्या संहितेने ठाण्यात आलेली खबर लेखी नोंदवणे बंधनकारक केले; पुढे १८८२, १८९८ व १९७३ च्या संहितांत ही तरतूद कलम १५४ म्हणून राहिली. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शब्द जुने असले तरी पत्रातील ज्या भागांना कायदेशीर परिणाम आहे (वेळ, ठिकाण, मालाचे वर्णन, सही) ते संहितेच्या गरजेतून आलेले आहेत.

मराठवाड्यापुरती यात एक अडचण आहे. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू नव्हते. १८९८ ची संहिता येथे १९५१ मध्ये लागू झाली. त्यामुळे आजच्या स्वरूपातील मराठी फिर्यादपत्र येथे साधारणपणे १९५० च्या दशकात, आणि १९५६ मध्ये प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर अधिक, रुळले असावे. संस्थानी काळात दरबारी भाषा उर्दू असल्याने मधल्या पिढीच्या दप्तरांत दोन्ही वळणे दिसतात.

पत्र की जबाब : १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली आणि कलम १५४ चे १७३ झाले. खबर तोंडी, लेखी वा इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते; इलेक्ट्रॉनिक खबरीवर देणाऱ्याने तीन दिवसांत सही करावी लागते. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता ती घ्यावी लागते आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते.

संस्थेच्या बाबतीत खरा तांत्रिक प्रश्न पुढे आहे. संस्था स्वतः बोलू शकत नाही; तिचा मुख्याध्यापक, सचिव किंवा व्यवस्थापक पत्र घेऊन जातो. ठाण्यात बहुधा त्या पत्रावर आवक शिक्का मारून पोच दिली जाते आणि नंतर, कधी त्याच दिवशी तर कधी दोन-चार दिवसांनी, त्याच व्यक्तीचा जबाब घेऊन गुन्हा नोंदला जातो. मग प्रथम खबर कोणती, आधीचे पत्र की नंतरचा जबाब? दखलपात्र गुन्हा घडल्याचे सांगणारी आणि तपास सुरू करणारी पहिली माहिती हीच प्रथम खबर, हे तत्त्व प्रस्थापित आहे. त्यानुसार घटना स्पष्ट सांगणारे पत्रच प्रथम खबर ठरते. पत्रावरून तपास सुरू झाल्यानंतर घेतलेला जबाब तपासातील जबाबाच्या वर्गात जातो आणि त्याचा पुरावा म्हणून उपयोग मर्यादित होतो. याउलट ‘कार्यालयात चोरी झाली आहे, तरी योग्य कार्यवाही व्हावी’ एवढेच त्रोटक पत्र असेल तर नंतरचा तपशीलवार जबाब प्रथम खबर मानण्यास वाव राहतो. दोन्ही मते व्यवहारात आढळतात. पत्र पूर्ण लिहून जबाब त्याच्याशी जुळता देणे हा मार्ग सुरक्षित, कारण मग कोणतेही मत मान्य झाले तरी फिर्यादीचे नुकसान होत नाही. पत्रात चार मॉनिटर आणि जबाबात सहा असले, तर बचावाचे वकील पहिला प्रश्न तिथेच विचारतात. प्रथम खबरीत प्रत्येक बारकावा असलाच पाहिजे असे नाही, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. राहिलेली वस्तू पुरवणी जबाबात सांगता येते. आधी सांगितलेली गोष्ट बदलणे मात्र वेगळे.

नमुना प्रकरण : लातूर जिल्ह्यातील एका गावच्या अनुदानित माध्यमिक शाळेचे कल्पित उदाहरण घेऊ. शाळा शनिवारी दुपारी साडेबारा वाजता सुटली. सोमवारी सकाळी सात वाजता सेवकाला संगणककक्षाच्या दाराचा कडी-कोयंडा उचकटलेला दिसला. आतून चार मॉनिटर, दोन सीपीयू, इन्व्हर्टरची एक बॅटरी आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर गेला होता. मुख्याध्यापकाने पत्रात हकीकत अशी मांडली : ‘दि. … रोजी दुपारी १२.३० ते दि. … रोजी सकाळी ७.०० वाजेदरम्यान कोणीतरी अज्ञात चोरट्याने संगणककक्षाच्या दाराचा कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश केला व खालील वर्णनाचा माल चोरून नेला. सदर बाब सेवकाने मला सकाळी ७.१० वाजता फोनवर कळविली. मी ७.४० वाजता येऊन खात्री केली. खोलीतील वस्तूंना हात लावलेला नाही.’

यातील वेळेची चौकट महत्त्वाची आहे. अनेक पत्रांत सवयीने ‘रात्रीच्या वेळी’ लिहिले जाते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ नुसार अधिक गंभीर आहे : उद्देश चोरीचा असल्यास दिवसाच्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ज्याने पाहिले नाही त्याने रात्र म्हणू नये. शेवटचे सुरक्षित पाहिले ती वेळ आणि चोरी उघड झाली ती वेळ एवढेच फिर्यादीला खात्रीने ठाऊक असते. पत्रात कलमे लिहिण्याचीही गरज नसते. ती लावणे ठाण्याचे काम आहे.

विलंब हे या भागातील पत्रांचे नेहमीचे दुखणे. संस्थेचे सचिव जिल्ह्याच्या गावी असतात, त्यांना विचारून, कधी ठराव करून मगच पत्र दिले जाते. चार दिवस गेले की खोली झाडली जाते, ठसे पुसले जातात आणि हकीकत रचली असा आक्षेप घेता येतो. ठराव नंतर जोडता येतो. मालमत्तेचा ताबा असलेल्या मुख्याध्यापकाला खबर देण्यास त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उशीर झालाच असेल तर त्याचे खरे कारण पत्रातच एका वाक्यात द्यावे.

मालाचा तपशील व किंमत : उदाहरणातील माल जडवस्तू नोंदवहीनुसार असा होता : मॉनिटर प्रत्येकी ७,२०० रुपये दराने २८,८००, सीपीयू प्रत्येकी २४,५०० प्रमाणे ४९,०००, बॅटरी १३,५०० आणि डीव्हीआर ६,८००, एकूण ९८,१०० रुपये. ही खरेदीची किंमत आहे. पत्रात ती तशीच म्हणून लिहावी, खरेदीची तारीख द्यावी आणि आजची अंदाजी किंमत वेगळी सांगावी. दोहोंची सरमिसळ झाली की विमा, लेखापरीक्षण आणि खटला या तिन्ही ठिकाणी तीन आकडे फिरू लागतात.

किमतीला २०२४ पासून एक नवे वजन आले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालील साध्या चोरीत माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि माल वा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे आणि हा प्रकार अदखलपात्र ठरवला आहे. मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतील चोरी कलम ३०५ मध्ये येते. तेथे ही सवलत नाही आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. व्हरांड्यातून दिवसाढवळ्या नेलेला जुना पंखा आणि कुलूपबंद खोलीतून नेलेला तोच पंखा यांत कायद्याने फरक पडू शकतो, म्हणून वस्तू नेमकी कोठे होती हे लिहिणे आवश्यक. शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालाची चोरीही ३०५ मध्येच मोडते. जिल्हा परिषद शाळेचा संगणक त्यात येतो. खाजगी संस्थेच्या शाळेचा, केवळ अनुदान मिळते म्हणून, येईलच असे नाही. तीन वर्षे व त्याहून अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ३०५ ची कमाल सात वर्षे असल्याने तो या चौकटीबाहेर राहतो. दखलपात्र खबर मिळाल्यास गुन्हा नोंदणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात (२०१३) आधीच सांगितले होते.

वर्णनाचा कणा म्हणजे अनुक्रमांक. बहुतेक नोंदवह्यांत ‘संगणक संच – १०’ एवढीच ओळ असते आणि कोणता संच गेला हे सांगता येत नाही. उदाहरणातील शाळेने पुरवठादाराचे बिल व वॉरंटी कार्डे शोधली; दोन्ही सीपीयूंचे व तीन मॉनिटरचे अनुक्रमांक सापडले, चौथ्याचा नाही. पत्रात त्याच्यापुढे ‘अनुक्रमांक उपलब्ध नाही, मागील बाजूस पांढऱ्या रंगात शाळेचे नाव’ असे लिहिले. अंदाजाने क्रमांक भरण्यापेक्षा हे कितीतरी चांगले, कारण चुकीचा क्रमांक सापडलेला माल परका ठरवतो.

‘गहाळ’ आणि ‘चोरी’ : काही ठिकाणी संस्थेला वस्तू गहाळ झाल्याची नोंद करण्यास सुचवले जाते. कोयंडा तुटलेला असताना हा शब्द स्वीकारू नये; गहाळ नोंदीवर चोरीचा तपास होत नाही. वस्तू कर्मचाऱ्याच्याच ताब्यात दिलेली होती आणि ती नाहीशी झाली, तर प्रश्न निराळा : तेथे कलम ३०६ (नोकराने केलेली चोरी) किंवा ३१६ (विश्वासघात) लागू शकते. कोणाकडे किल्ली होती हे पत्रात सांगावे, संशय असल्यास कारणासह वेगळा नोंदवावा. कारण नसताना सेवकाचे नाव घालणे अन्यायाचे आहे.

ठाण्याने खबर नोंदली नाही तर तिचा सारांश पोलीस अधीक्षकाकडे लेखी पाठवता येतो व पुढे दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. येथे पोचेवरील तारीख उपयोगी पडते.

माल सापडल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ व ५०३ खाली न्यायालयाकडून तो ताब्यात मागता येतो. ओळख पटवताना पत्रातील अनुक्रमांकच पाहिले जातात. चोरटा न मिळाल्यास महाराष्ट्रात ‘अ’ समरी मंजूर होते, म्हणजे गुन्हा खरा पण तपास न लागलेला. तिची प्रत व प्रथम खबरीची प्रत जोडूनच संस्थेला नोंदवहीतून वस्तू निर्लेखित करता येते. नमुना प्रकरणात चौथा मॉनिटर नोंदवहीत ओळखता न आल्याने दहापैकी कोणती नोंद कमी करायची हा प्रश्न शेवटी लेखापरीक्षणात निघाला.