गळ्याच्या फ्यूजिंगला फुगे का येतात?

“इस्त्रीने चिकटवायचे फ्यूजिंग पहिल्याच धुण्यात सुटते, म्हणून ब्लाउजच्या गळ्याला शिवून लावायचे बकरमच वापरावे,” असा सल्ला दिला जातो. फ्यूजिंग म्हणजे गळ्याला ताठपणा देण्यासाठी कापडाला आतून चिकटवायचा थर.

फ्यूजिंग सुटून फुगे येतात हे खरे. मात्र त्यांचे कारण बहुधा फ्यूजिंगच्या जातीत नसून कापडात किंवा इस्त्री करण्याच्या पद्धतीत असते. इंदुरातून घेतलेले नवे सुती कापड न भिजवता बेतले आणि ते धुण्यात शंभरात तीन इतके आटले, तर ३० सेंटिमीटरची गळपट्टी सुमारे ९ मिलिमीटरने आखडते. फ्यूजिंग तितके आखडत नाही, आणि त्याची उरलेली लांबी फुग्यांच्या रूपाने वर येते. म्हणून कापड आधी भिजवून, वाळवून घ्यावे.

दुसरे कारण इस्त्री सरकवण्याचे आहे. फ्यूजिंगच्या खरखरीत बाजूवरचे डिंकाचे ठिपके वितळून धाग्यांत मुरायला उष्णता, दाब आणि वेळ तिन्ही लागतात. त्यामुळे इस्त्री एका जागी साधारण १० ते १२ सेकंद दाबून धरावी, मग उचलून पुढे ठेवावी आणि तुकडा पूर्ण गार होईपर्यंत हलवू नये.

पडताळणीसाठी १० सेंटिमीटरच्या चौकोनावर फ्यूजिंग चिकटवावे, गार झाल्यावर कोपरा ओढून पाहावा, मग धुऊन पुन्हा मोजावे. कोपरा अलगद सुटला तर इस्त्री कमी पडली. चौकोन लहान होऊन फुगला तर कापड आटले. अति उष्णता न सोसणाऱ्या नायलॉनच्या जाळीला मात्र शिवून लावलेले अस्तरच मला योग्य वाटते.