कॅशबॅक बुडाला की वाटेत आहे?

“सामान घरी आलं तरी कॅशबॅक जमा झाला नाही, म्हणजे तो बुडाला.”

तसं नसतं. कॅशबॅक साइटवरून दुकानाकडे जाताना तुमच्या क्लिकची नोंद होते. ऑर्डर त्या नोंदीशी जुळली की रक्कम आधी ‘Pending’ दिसते. माल परत करायची मुदत संपेपर्यंत दुकान साइटचं कमिशन पक्कं करत नाही, आणि तुमचा कॅशबॅक त्या कमिशनमधूनच येतो. समजा, 3 तारखेला ऑर्डर केली, 7 ला मिळाली आणि परतीला 10 दिवस आहेत. मग 17 तारखेच्या आधी पैसे सहसा येत नाहीत. पुढे दुकानाचा हिशेब होईपर्यंत बऱ्याचदा महिना-दोन महिने जातात.

काळजी करावी ती वेगळ्याच गोष्टीची. चार-पाच दिवसांनीही ‘Pending’ नोंद दिसत नसेल, तर ऑर्डर क्लिकशी जुळलेलीच नसण्याची शक्यता असते. अनेकदा मधेच दुसऱ्या कूपन साइटवर क्लिक झालेलं असतं, आणि साधारणपणे शेवटचा क्लिकच धरला जातो. अशा वेळी ऑर्डर क्रमांक देऊन लगेच तक्रार नोंदवा, कारण तिलाही मुदत असते.

कॅशबॅक पॉइंटच्या रूपात मिळत असेल, तर जमा झालेल्या पॉइंटची मुदत कधी संपते, ते खात्यातल्या नोंदीत किंवा योजनेच्या अटींत पाहा.